परदेशात डॉक्टर झालेल्यांना भारतात परवाना कसा मिळतो? नीटपासून नोंदणीपर्यंत वर्षावर्षाचा हिशेब

मुंबई उपनगर : बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर भागात परदेशी एमबीबीएसच्या जाहिराती सुरू होतात. उपनगरात स्थायिक झालेल्या नातेवाइकाकडं गावाकडचे पालक मुक्कामाला येतात, कन्सल्टन्सीत बसतात आणि दोन-चार तासांत सहा वर्षांचा निर्णय होतो. फी किती, हॉस्टेल कसं, भारतीय जेवण मिळतं का, हे सगळं विचारलं जातं. मात्र डिग्री घेऊन परत आल्यावर पोराला इथं दवाखाना टाकायला परवाना कसा आणि कधी मिळणार, हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो.

परदेशातली डिग्री म्हणजे भारतातला परवाना नव्हे. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, फिलिपाइन्स, चीन, अगदी शेजारच्या बांगलादेश-नेपाळमधून शिकून आलं तरी भारतात एक परीक्षा पास व्हावी लागते, त्यानंतर इथं इंटर्नशिप करावी लागते आणि मग राज्याच्या मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी होते. या सगळ्याला वेळेची मर्यादा आहे, आणि ती डिग्री मिळाल्यापासून नाही, परदेशी कॉलेजात प्रवेश घेतल्याच्या दिवसापासून मोजली जाते. म्हणून हा आराखडा निघण्याआधीच करावा लागतो.

नियम कोणते आणि कोणाला लागू

भारतात डॉक्टरकीचे नियम नॅशनल मेडिकल कमिशन, म्हणजे एनएमसी ठरवतं. परदेशात शिकणाऱ्यांसाठीचे सध्याचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ रोजी लागू झाले. त्या तारखेनंतर परदेशी कॉलेजात प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला ते बंधनकारक आहेत. आधी गेलेल्या चुलतभावाला किंवा शेजारच्या पोराला जे चाललं, ते आता जाणाऱ्याला चालेलच असं नाही. घरातली सगळ्यात मोठी चूक इथंच होते. जुन्या मुलाचं उदाहरण धरून नवीन मुलाचा प्रवेश केला जातो.

नियमातल्या मुख्य अटी अशा. प्रवेशाआधी विद्यार्थी नीट पात्र असला पाहिजे. २०२५ च्या नीटमध्ये खुल्या गटासाठी पात्रता १४४ गुणांवर आणि ओबीसी, एससी, एसटीसाठी ११३ गुणांवर होती. वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत झालेली असावी. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असावं. सगळं शिक्षण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच संस्थेत व्हावं, त्यातला कोणताही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात करता येत नाही. आणि ज्या देशात डिग्री मिळाली, त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणेच डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता असली पाहिजे.

यातली एक जरी अट बसली नाही, तरी भारतातली परीक्षा कितीही चांगली दिली तरी नोंदणी अडते. परीक्षा पुन्हा देता येते, पण अटी पुन्हा सुधारता येत नाहीत.

निघण्याआधी कागदावर काय घ्यायचं

कन्सल्टन्सीत तोंडी सांगतात, "एनएमसी मान्यताप्राप्त आहे, काळजी करू नका." इथं सावध व्हायला हवं. एनएमसी परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी काढत नाही. जगातल्या मेडिकल कॉलेजांची जी एक डिरेक्टरी इंटरनेटवर दाखवतात, तिच्यात नाव असणं म्हणजे भारताची मान्यता नाही. अटी पूर्ण होतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची आणि पालकांची आहे.

म्हणून फी भरण्याआधी थेट विद्यापीठाकडून, विद्यापीठाच्या लेटरहेडवर तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, अभ्यासक्रम किती महिन्यांचा आहे आणि इंटर्नशिप त्यात धरली आहे की वेगळी आहे. "सहा वर्षांचा कोर्स" एवढं पुरत नाही. ५४ अधिक १२ असे ६६ महिने वेगवेगळे दिसले पाहिजेत. दुसरी, इंटर्नशिप कोणत्या हॉस्पिटलात होईल आणि तिचं वेगळं प्रमाणपत्र मिळेल का. तिसरी, डिग्रीनंतर परदेशी विद्यार्थ्याला त्या देशात डॉक्टर म्हणून परवाना मिळू शकतो का, आणि त्यासाठी तिथली कोणती परीक्षा द्यावी लागते.

फिलिपाइन्सचं उदाहरण घ्या. तिथं आधी बीएस नावाचा पदवीपूर्व कोर्स असतो आणि मग एमडी चार वर्षांचा. चार वर्षं म्हणजे ४८ महिने. आपल्या नियमाला ५४ महिने लागतात. बीएसची वर्षं धरून एकूण सहा वर्षं होतात असं सांगितलं जातं, पण बीएस हा वैद्यकीय अभ्यास म्हणून धरला जात नाही. वर्षं मोजून समाधान मानलेल्या पालकांना हा फरक उशिरा कळतो.

दुसरा धोका बदलीचा. पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर एजंट सांगतो, "त्या विद्यापीठात फी कमी आहे, तिकडं ट्रान्सफर करून देतो." एकाच संस्थेत पूर्ण शिक्षणाची अट असल्यामुळं असा बदल पुढं नोंदणीच्या वेळी अंगाशी येतो. युक्रेन युद्धात अडकलेल्या मुलांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये एनएमसीनं दुसऱ्या देशात शिकण्याची सवलत दिली होती. ती त्या संकटापुरती होती, तिचा दाखला देऊन आता कोणी बदली करून देत असेल तर ऐकू नये.

तिसरा धोका ऑनलाइन शिक्षणाचा. कोरोनात आणि युद्धात मुलं घरी बसून ऑनलाइन शिकली. त्यांना बुडालेला प्रत्यक्ष भाग भरून काढल्याचा पुरावा द्यावा लागला आणि काहींची भारतातली इंटर्नशिप एक वर्षाऐवजी जास्त वर्षांची झाली. म्हणून पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के महत्त्वाचे असतात. मुलगा खरंच तिकडं हजर होता हे त्यावरून दिसतं. मुदत संपलेला जुना पासपोर्ट फेकू नये.

दहा वर्षांचा हिशेब

२०२१ च्या नियमात प्रवेशाच्या तारखेपासून १० वर्षांची मर्यादा आहे. पालकांनी परीक्षा, इंटर्नशिप, नोंदणी असे सगळे टप्पे तिच्या आतच बसवावेत. हे कसं मोजायचं, ते एका उदाहरणानं पाहू.

समजा घाटकोपरला राहणारं, मूळ गाव जुन्नर तालुक्यात असलेलं एक कुटुंब आहे. मुलगी २०२५ ची नीट पात्र झाली आणि १५ सप्टेंबर २०२५ ला परदेशी विद्यापीठात दाखल झाली. घड्याळ त्या दिवशी सुरू झालं. दहा वर्षं म्हणजे सप्टेंबर २०३५.

वर्गातला अभ्यासक्रम जून २०३० ला संपतो. ५४ महिने मार्च २०३० लाच भरतात, त्यामुळं ती अट बसली. जुलै २०३० ते जून २०३१ तिकडची इंटर्नशिप. डिग्री हातात आली जून २०३१ च्या शेवटी. म्हणजे दहापैकी जवळपास सहा वर्षं संपली.

आता भारतातली परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते, जून सत्र आणि डिसेंबर सत्र. नावाप्रमाणं त्याच महिन्यात होते असं नाही. डिसेंबर २०२४ सत्राची परीक्षा १२ जानेवारी २०२५ ला झाली आणि जून २०२५ सत्राची २६ जुलै २०२५ ला. फॉर्म भरताना अंतिम डिग्रीचा निकाल ठरलेल्या तारखेच्या आत लागलेला असावा लागतो, आणि डिग्रीवर भारतीय दूतावासाची साक्षांकनाची मोहोर किंवा त्या देशाच्या सरकारचा ॲपोस्टिल शिक्का लागतो. जूनच्या शेवटी डिग्री आलेल्या मुलीला जुलैची परीक्षा मिळत नाही. तिची पहिली संधी जानेवारी २०३२ ची.

पहिल्याच प्रयत्नात पास झाली तर कागद जमवणं, तात्पुरती नोंदणी, इंटर्नशिपची जागा यात तीन-चार महिने धरा. मे २०३२ ते मे २०३३ भारतातली इंटर्नशिप. जुलै २०३३ च्या आसपास कायम नोंदणी. सप्टेंबर २०३५ पर्यंत अजून दोन वर्षं शिल्लक. हा चांगला आराखडा झाला.

आता दोनदा नापास झाली असं धरा. जानेवारी आणि जुलै २०३२ गेले, जानेवारी २०३३ ला पास. इंटर्नशिप मे २०३४ ला संपते. अजूनही मर्यादेच्या आत. चार वेळा नापास होऊन जानेवारी २०३४ ला पास झाली, तर इंटर्नशिप मे २०३५ ला संपते आणि हातात फक्त चार महिने उरतात. पाच वेळा नापास होऊन जुलै २०३४ ला पास झाली, तर इंटर्नशिप नोव्हेंबर २०३५ कडं जाते. म्हणजे मर्यादा ओलांडली.

एफएमजीई कितीही वेळा देता येते असं सांगितलं जातं. प्रयत्नांची संख्या ठरलेली नाही हे खरं आहे, पण वर्षांची मर्यादा प्रयत्न मोजून टाकते. वरच्या उदाहरणात निश्चिंतपणे देता येतील असे प्रयत्न पाचच आहेत. मुलगी परदेशात एक वर्ष नापास झाली असती तर बारा महिने, म्हणजे दोन प्रयत्न, आणखी कमी झाले असते. आजारपण, व्हिसा, युद्ध, उशिरा मिळालेली डिग्री, सगळं याच शिलकीतून वजा होतं.

प्रत्येक पालकानं एका कागदावर तीन तारखा लिहून कपाटात चिकटवाव्यात : प्रवेशाची तारीख, डिग्रीची अपेक्षित तारीख आणि दहा वर्षं संपण्याची तारीख.

परीक्षा कशी असते

या परीक्षेचं नाव फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन, थोडक्यात एफएमजीई. २००२ पासून ती सुरू आहे. ती नॅशनल बोर्ड, म्हणजे एनबीईएमएस घेतं. एकूण ३०० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. एकाच दिवशी दोन भाग, प्रत्येक भागात १५० प्रश्न आणि १५० मिनिटं. माध्यम इंग्रजी. पास होण्यासाठी ३०० पैकी १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. स्पर्धा नाही, मेरिट नाही, निम्मे गुण मिळवले की पास.

एवढं सोपं वाटतं, तरी डिसेंबर २०२४ सत्रात बसलेल्यांपैकी साधारण ३० टक्के पास झाले आणि जून २०२५ सत्रात साधारण १९ टक्के. म्हणजे जूनच्या सत्रात पाचपैकी चार नापास. यात पुन्हा पुन्हा बसणारेही असतात.

कारण समजून घेण्यासाठी गुणांची विभागणी पाहू. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या पहिल्या दोन वर्षांच्या तीन विषयांना प्रत्येकी १७, म्हणजे ५१ गुण. मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२, स्त्रीरोग-प्रसूतीला ३० आणि कम्युनिटी मेडिसिनला ३०. हे चार विषय मिळून १२५ गुण होतात. बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५. बाकीचे गुण पॅथॉलॉजी, औषधशास्त्र, न्यायवैद्यक वगैरे लहान विषयांत वाटलेले आहेत.

यात परदेशात शिकलेल्या मुलाची गाडी तीन ठिकाणी अडते.

पहिलं, कम्युनिटी मेडिसिन. यात भारताची आरोग्ययंत्रणा विचारतात. सपाट भागात प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार लोकसंख्येला आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांना, उपकेंद्र पाच हजारांना आणि तीन हजारांना. बाळाला जन्मल्यावर कोणती लस, सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात कोणती, क्षयरोग कार्यक्रमात उपचार कसे. गावातल्या आशाताईला यातलं बरंच तोंडपाठ असतं. परदेशी विद्यापीठात मात्र त्या देशाची आरोग्ययंत्रणा शिकवतात, आपली नाही. ३० गुणांचा हा विषय मुलाला स्वतःच वाचावा लागतो. न्यायवैद्यकाचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, जुनी कलमं बदलली, आणि हे काही परदेशातल्या पुस्तकात सापडत नाही.

दुसरं, आपल्याकडचे आजार. पावसाळ्यात मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्याला लेप्टो होतो, झोपडपट्टीत डेंग्यू-मलेरिया असतो, गावाकडं सापाचं विष आणि कीटकनाशकाची विषबाधा असते. नाग किंवा मण्यार चावला तर पापण्या जड होतात, श्वास बंद पडू शकतो. घोणस चावली तर रक्त गोठत नाही, आणि ते पाहायला काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवण्याची साधी चाचणी करतात. फवारणीत विष गेलं तर ॲट्रोपिन किती आणि कधीपर्यंत द्यायचं, हे इथल्या कॅज्युअल्टीत रोजचं काम असतं. थंड देशातल्या हॉस्पिटलात सहा वर्षं काढलेल्या मुलानं यातला एकही पेशंट पाहिलेला नसतो.

तिसरं, भाषा. वर्गात इंग्रजी चालतं, पण वॉर्डातला पेशंट रशियन, जॉर्जियन किंवा चिनी बोलतो. तिथली भाषा न शिकलेला विद्यार्थी पेशंटला काय होतंय हे विचारूच शकत नाही. मग तो वॉर्डात मागं उभा राहतो आणि तीन वर्षं नुसती बघण्यात जातात. मुलाला फोनवर "जेवलास का" विचारताना "वॉर्डात पेशंटशी तू बोलतोस का" हेही विचारावं. उत्तरावरून पुष्कळ कळतं.

सहा वर्षांत अभ्यास कसा वाटायचा

डिग्री घेऊन आल्यावर दिल्लीत किंवा मुंबईत सहा महिने क्लास लावू, असा बहुतेकांचा बेत असतो. पण पहिल्या वर्षी वाचलेली शरीररचना सहा वर्षांनी कोरी झालेली असते आणि १९ विषय सहा महिन्यांत पहिल्यापासून उचलावे लागतात. म्हणून कामाची वाटणी आधीच करावी.

पहिल्या दोन वर्षांत भारतीय एमबीबीएसची पुस्तकं सोबत ठेवायची आणि तिकडं विषय चालू असतानाच त्याच विषयाचे एफएमजीईच्या पद्धतीचे प्रश्न सोडवायचे. त्याच काळात तिथली बोलीभाषा शिकायची. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पॅथॉलॉजी, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र पक्कं करायचं, कारण मेडिसिनचा पाया तोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आल्यावर जवळच्या सरकारी रुग्णालयात परवानगी घेऊन बाह्यरुग्ण विभाग पाहता येतो. हे निरीक्षण नियमातल्या प्रशिक्षणात धरलं जात नाही, पण आपल्याकडचे आजार डोळ्यांनी दिसतात. पाचव्या वर्षी मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग आणि कम्युनिटी मेडिसिन. सहाव्या वर्षी, तिकडची इंटर्नशिप चालू असताना, दर आठवड्याला वेळ लावून एक पूर्ण सराव पेपर.

तयारी झाली की नाही हे सराव पेपरच सांगतो. १५० ला पास आहे म्हणून १५५ गुण येतात यावर समाधान मानू नये, परीक्षेच्या दिवशी दहा-पंधरा गुण सहज घसरतात. लागोपाठ चार-पाच पेपरांत १८० च्या आसपास गुण येत असतील तर फॉर्म भरताना जीव शांत राहतो. १३० वरच अडकत असतील, तर कोणत्या विषयात गुण जातात ते लिहून काढावं. बऱ्याचदा तीनच विषय निघतात.

पास झाल्यावर : तात्पुरती नोंदणी आणि इंटर्नशिप

परीक्षा पास झाली म्हणजे डॉक्टर झाला, असा समज असतो. गावात पेढे वाटले जातात, फलक लागतो. पण इथून पुढचं एक वर्ष अजून बाकी असतं.

महाराष्ट्रातल्या उमेदवाराला मुंबईतल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तात्पुरती नोंदणी करावी लागते. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटचा निकाल, प्रवेशाचं पत्र, प्रत्येक वर्षाचे गुण, मूळ डिग्री आणि तिचं भाषांतर, साक्षांकन, तिकडच्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, परवान्याच्या पात्रतेचा कागद, सगळे पासपोर्ट आणि एफएमजीई पास प्रमाणपत्र लागतं. सगळ्यात जास्त अडचण नावाची येते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, डिग्रीवर वडिलांचं नाव गळालेलं. रशियन लिपीतून इंग्रजीत परत येताना स्पेलिंग बदलतं. हे दुरुस्त करायला पुन्हा विद्यापीठाला लिहावं लागतं आणि महिने जातात. म्हणून डिग्री हातात घेताना तिथंच पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवून पाहावं.

नंतर १२ महिन्यांची भारतातली इंटर्नशिप. परदेशात एक वर्ष केली असली तरी ही वेगळी करावीच लागते. जागा मर्यादित आहेत. २०२२ च्या सूचनेनुसार मेडिकल कॉलेजच्या मंजूर जागांच्या ७.५ टक्के जादा जागा परदेशातून आलेल्यांना देता येतात. २०० जागांचं कॉलेज असेल तर १५ जणांची सोय. मुंबईत जुहूचं कूपर किंवा शहरातलं एखादं मोठं रुग्णालयच हवं असा हट्ट धरला तर थांबावं लागू शकतं. जिल्ह्याच्या कॉलेजात लवकर जागा मिळत असेल तर ती घेणं हिशेबात फायद्याचं, कारण घड्याळ चालूच असतं. याच सूचनेत असंही म्हटलंय की कॉलेजनं अशा इंटर्नकडून फी घेऊ नये आणि इतर इंटर्नइतकंच विद्यावेतन द्यावं. कोणी जागेसाठी पैसे मागत असेल तर पावती मागावी आणि कौन्सिलकडं लेखी तक्रार करावी.

इंटर्नशिप पूर्ण झाल्यावर कौन्सिल कायम नोंदणी देते. त्या क्रमांकानंतरच स्वतःच्या नावानं प्रिस्क्रिप्शन लिहिता येतं. एमडी, एमएस करायचं तर नीट पीजीसाठीही ही इंटर्नशिप ठरलेल्या तारखेच्या आत पूर्ण असावी लागते.

मधल्या काळात काय करू नये

दोन-तीनदा नापास झालेला मुलगा घरी बसून असतो. कर्ज चालू असतं, लोक विचारतात. अशा वेळी कोणी म्हणतं, "रात्रीची ड्युटी कर एखाद्या नर्सिंग होममध्ये, कोण बघतंय." नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा एनएमसी कायद्याच्या कलम ३४ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काही झालं तर नर्सिंग होमवाला हात वर करतो आणि मुलाचं पुढचं सगळं करिअर अडकतं.

त्याहून वाईट रस्ता खोट्या नोंदणीचा. परीक्षा पास न होताच राज्यांच्या कौन्सिलांमध्ये नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयनं परदेशात शिकलेल्या ७३ जणांवर गुन्हा दाखल केला आणि देशभर छापे टाकले. "पैसे द्या, नोंदणी करून देतो" म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरावं.

पुढं काय बदलू शकतं

२०१९ च्या कायद्यात नेक्स्ट नावाची एक परीक्षा ठरलेली आहे. ती आली की भारतात शिकलेले आणि परदेशात शिकलेले, दोघांनाही तीच द्यावी लागेल आणि एफएमजीई बंद होईल. तिचे दोन टप्पे असतील : पहिला लेखी, मग इंटर्नशिप आणि त्यानंतर दुसरा प्रात्यक्षिक. २०२३ मध्ये ती पुढं ढकलली गेली. आज निघणारा मुलगा २०३१-३२ मध्ये परत येणार, तोपर्यंत ती लागू झालेली असू शकते. नेक्स्ट आली तर नुसते पर्याय ओळखून भागणार नाही, पेशंट तपासूनही दाखवावा लागेल. त्यामुळं वॉर्डातला अनुभव आणि तिथली भाषा आतापासूनच गांभीर्यानं घ्यावी. बदल कळण्याची खात्रीची जागा दोनच : nmc.org.in आणि natboard.edu.in. व्हॉट्सॲपवर फिरणारं पत्र या संकेतस्थळावर सापडत नसेल तर त्यावर निर्णय घेऊ नये.

पैशाचा आराखडा किती वर्षांचा

बँकेचं कर्ज किंवा जमिनीचा व्यवहार सहा वर्षांच्या फीवर बेतला जातो. वरच्या उदाहरणात सगळं सुरळीत झालं तरी सप्टेंबर २०२५ ते जुलै २०३३ म्हणजे जवळपास आठ वर्षं लागली. दोनदा नापास झाल्यास नऊ वर्षं. या जादा दोन-तीन वर्षांत क्लासची फी, शहरातली राहणी, कागदांचे शिक्के आणि प्रवास असा खर्च असतो, आणि कमाई फक्त इंटर्नशिपच्या वर्षातल्या विद्यावेतनाची. कर्जाचा हप्ता डिग्रीनंतर लगेच सुरू होणार असेल तर तो मुलाच्या पगारातून नाही, घरच्या उत्पन्नातून जाणार आहे. बँकेत सही करताना हप्ता कधी सुरू होतो हे विचारून, ती तारीख कपाटावरच्या तीन तारखांच्या खाली चौथी म्हणून लिहावी.